एकाच जोडीची दोन उत्तरं

टेबलावर इंग्रजी U अक्षराच्या आकाराचे फेराइटचे दोन तुकडे आहेत. फेराइट म्हणजे जुन्या टीव्हीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सापडतो तो काळा, ठिसूळ, मातीच्या भांड्यासारखा वाजणारा पदार्थ. दोन्ही तुकडे तोंडाला तोंड लावून, मध्ये जाड कागदाची चकती ठेवून घट्ट बांधले की एक चौकट तयार होते. या चौकटीच्या एका पायावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे 200 वेढे घातले आहेत आणि समोरच्या पायावर 300. इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर पहिल्या कॉइलला लावला की 40 मिलिहेन्री दाखवतो आणि दुसरीला लावला की 90.

आता पहिल्या कॉइलचं एक टोक दुसरीच्या एका टोकाला जोडायचं आणि उरलेल्या दोन टोकांवर मीटर लावायचा. ही एकसर जोडणी, म्हणजे दुकानातल्या भाषेत सिरीज. शाळेत शिकलेलं आठवून आपण म्हणू की एकसर जोडलेल्या रोधांची बेरीज होते, तशी इथेही 40 आणि 90 मिळून 130 होईल. मीटर मात्र 226 दाखवतो. मग दुसऱ्या कॉइलची फक्त दोन टोकं अदलाबदल करायची. वेढे तेवढेच, फेराइट तेच, कॉइलची जागाही तीच. या वेळी आकडा येतो 34.

हा 34 नीट पाहण्यासारखा आहे. 226 वाचून वाटतं, चुंबकाने काहीतरी भर घातली असेल. पण 34 हा आकडा 130 पेक्षा कमी आहे आणि एकट्या पहिल्या कॉइलच्या 40 पेक्षाही कमी आहे. चाळीसच्या कॉइलला नव्वदची आणखी एक कॉइल जोडली आणि एकूण इंडक्टन्स घटला. रोधांच्या बाबतीत असं कधीच होत नाही. दहा ओहमला वीस ओहम एकसर जोडून नऊ ओहम मिळणार नाहीत. कॉइलच्या बाबतीत ते होतं, कारण रोधाला शेजारच्या रोधाचा पत्ता नसतो आणि एका चौकटीवर बसलेल्या दोन कॉइलना एकमेकींचा पक्का पत्ता असतो.

इंडक्टन्स म्हणजे काय, तेवढं आधी पाहू. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तार गुंडाळली की हे क्षेत्र वेढ्यांच्या आत एकवटतं. प्रवाह स्थिर असेपर्यंत काही घडत नाही, पण तो वाढू किंवा घटू लागला की क्षेत्रही बदलतं आणि त्या बदलामुळे कॉइलमध्येच व्होल्टेज उभं राहतं. त्याची दिशा अशी असते की ते बदलाला अडवतं. जड जातं फिरवायला सुरुवातीला जोर लागतो आणि एकदा फिरू लागलं की ते चटकन थांबतही नाही, तसं कॉइलचं प्रवाहाच्या बाबतीत असतं. हा अडवण्याचा गुण किती आहे, ते इंडक्टन्स सांगतो. प्रवाह सेकंदाला एक अँपिअर या वेगाने वाढत असताना कॉइलवर एक व्होल्ट उभा राहिला, तर तिचा इंडक्टन्स एक हेन्री. आपल्या पहिल्या कॉइलवर त्याच वेगाला 40 मिलिव्होल्ट उभे राहतात, दुसरीवर 90.

हे झालं स्वतःच्या क्षेत्राचं. पण मायकेल फॅरडेने 1831 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोखंडाच्या कड्यावर दोन वेगळ्या कॉइल गुंडाळल्या, एकीला बॅटरी जोडली आणि दुसरीच्या तारांजवळ ठेवलेली चुंबकसुई हललेली पाहिली. बॅटरी जोडताना सुई एका बाजूला हलली, तोडताना दुसऱ्या. दोन कॉइलमध्ये विजेचा काहीही संबंध नव्हता. एकीचं क्षेत्र दुसरीच्या वेढ्यांतून जात होतं, एवढाच दुवा होता. या दुव्याच्या मापाला परस्पर इंडक्टन्स म्हणतात आणि तो M या अक्षराने लिहितात. आपल्या चौकटीवर M येतो 48 मिलिहेन्री. म्हणजे पहिल्या कॉइलमधला प्रवाह सेकंदाला एक अँपिअर वाढला, तर दुसरीत 48 मिलिव्होल्ट उभे राहतात. आणि उलट दुसरीतला प्रवाह तसाच वाढला, तर पहिलीतही बरोबर 48 च. वेढे 200 आणि 300 असे कमीजास्त असूनही हा आकडा दोन्ही दिशांना सारखाच असतो. मला हे नेहमीच फार सुंदर वाटत आलं आहे. त्यामागचं कारण साधं आहे. 300 वेढ्यांची कॉइल क्षेत्र जास्त तयार करते, पण ते पकडायला समोर 200 च वेढे असतात. 200 वेढ्यांची कॉइल क्षेत्र कमी तयार करते, पण ते पकडायला 300 वेढे असतात. गुणाकार तोच राहतो.

आता दोन्ही कॉइल एकसर जोडल्या आहेत, म्हणून दोघींतून एकच प्रवाह जातो. तो सेकंदाला एक अँपिअर वाढतो आहे असं धरू आणि एकेका कॉइलवर काय उभं राहतं ते पाहू.

पहिल्या जोडणीत दोघींची क्षेत्रं चौकटीत एकाच दिशेने फिरतात. पहिल्या कॉइलवर तिचे स्वतःचे 40 मिलिव्होल्ट आहेत आणि शेजारणीकडून आलेले 48, मिळून 88. दुसरीवर स्वतःचे 90 आणि पहिलीकडून आलेले 48, मिळून 138. दोन्हींची बेरीज 226 आणि मीटरने हेच दाखवलं होतं. या जोडणीला साहाय्यक जोडणी म्हणू.

दुसऱ्या जोडणीत प्रवाह दुसऱ्या कॉइलमध्ये उलट्या टोकाने शिरतो, त्यामुळे तिचं क्षेत्र पहिलीच्या क्षेत्राविरुद्ध फिरतं. शेजारणीकडून येणारे 48 मिलिव्होल्ट आता वजा करायचे. दुसरीवर 90 वजा 48, म्हणजे 42. पहिलीवर 40 वजा 48, म्हणजे उणे 8. बेरीज 34. ही विरोधी जोडणी.

त्या उणे 8 पाशी थोडं थांबायला हवं. पहिल्या कॉइलवरचं व्होल्टेज चक्क उलटं झालं आहे. प्रवाह वाढतो आहे आणि ती त्याला अडवण्याऐवजी पुढे ढकलते आहे. हा कागदावरचा खेळ नाही. सिग्नल जनरेटरमधून साधी साइन लहर या जोडीला दिली आणि दोन चॅनलच्या ऑसिलोस्कोपवर दोन्ही कॉइलवरची व्होल्टेज एकाच दिशेने धरून पाहिली, तर पहिलीची लहर दुसरीच्या मानाने उलटी दिसते. उंचीने साधारण पाचपटीने लहान, पण स्पष्ट उलटी. साहाय्यक जोडणीत त्याच दोन लहरी पावलाला पाऊल जुळवून चालतात. शेजारणीचं क्षेत्र स्वतःच्या क्षेत्रापेक्षा मोठं झालं की लहान कॉइलचं असं होतं. एकूण जोडी मात्र अजूनही प्रवाहाला अडवतच असते, कारण दुसरीचे 42 या 8 ला पुरून उरतात.

सूत्र आता आपोआप हाती आलं आहे. साहाय्यक जोडणीसाठी

L = L1 + L2 + 2M

आणि विरोधी जोडणीसाठी

L = L1 + L2 − 2M

विद्यार्थी इथे हमखास विचारतात की M एकदा नाही, दोनदा का? वरचा हिशेब हेच सांगतो. पहिलीला दुसरीकडून 48 मिळतात आणि दुसरीला पहिलीकडून 48. देणंघेणं दोन्ही बाजूंनी आहे, म्हणून दोनदा.

हाच हिशेब वेढ्यांवरून करून पाहिला की चित्र आणखी उघडतं. एकाच गाभ्यावर इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 200 चा वर्ग 40,000 आणि 300 चा 90,000, आणि मीटरने 40 व 90 दाखवले ते याच प्रमाणात. समजा पहिलीचं सगळं क्षेत्र दुसरीतून आणि दुसरीचं सगळं पहिलीतून गेलं असतं, कुठेही बाहेर सांडलं नसतं, तर साहाय्यक जोडणी म्हणजे सरळ 500 वेढ्यांची एकच कॉइल झाली असती आणि तिचा इंडक्टन्स 250 मिलिहेन्री असता. विरोधी जोडणीत 300 मधले 200 वेढे दुसऱ्या 200 नी निकामी केले असते आणि उरल्या 100 वेढ्यांचे 10 मिलिहेन्री आले असते. आपल्याला 250 ऐवजी 226 मिळाले आणि 10 ऐवजी 34. एकीकडे 24 कमी, दुसरीकडे नेमके 24 जास्त. कागदाच्या फटीपाशी आणि दोन पायांच्या मधल्या हवेत जे क्षेत्र गळलं, त्याचा हा हिशेब.

गळती किती, हे सांगायला k नावाचा आकडा वापरतात. पूर्ण दुवा असता तर M किती असता, ते 40 आणि 90 च्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून कळतं. 3,600 चं वर्गमूळ 60. प्रत्यक्षात 48 आहे, म्हणजे k झाला 0.8. हा आकडा एकाच्या वर कधीच जात नाही. गेला असता तर विरोधी जोडणीचा इंडक्टन्स काही कॉइलच्या बाबतीत शून्याखाली उतरला असता आणि रिकाम्या कॉइलमधून फुकट ऊर्जा निघू लागली असती. कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग याच्या निम्मी असते. प्रवाह असताना ती शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून विरोधी जोडणीलाही तळ आहे.

या सगळ्याचा पहिला व्यवहारी उपयोग असा की परस्पर इंडक्टन्स मोजायला वेगळं उपकरण लागत नाही. M थेट दाखवणारा मीटर सहसा कुणाकडे नसतो. दोन्ही जोडण्यांचे आकडे घ्यायचे, मोठ्यातून लहान वजा करायचा आणि चाराने भागायचं. 226 वजा 34 म्हणजे 192 आणि त्याचा चौथा हिस्सा 48. शिवाय पडताळणी आयती मिळते. दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मी केली की 130 आलं पाहिजे, म्हणजे दोन सुट्या कॉइलची बेरीज. ती आली नाही तर मापनात काहीतरी बिघडलं आहे. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. जोडणी बदलताना कॉइल सरकली, फेराइटच्या तुकड्यांमधली फट दाबली गेली किंवा मीटरने मध्येच आपली रेंज बदलून चाचणीची फ्रिक्वेन्सीही बदलली. फटीच्या बाबतीत तर फारच जपावं लागतं. बोटाने तुकडे दाबले तरी आकडा हलताना दिसतो. म्हणून टोकं बदलायची ती लांब तारांच्या शेवटी, चौकटीला हात न लावता.

ही पद्धत कुठे लंगडी पडते तेही सांगायला हवं. दोन कॉइलमधला दुवा अगदी क्षीण असेल, तर आपण दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या आकड्यांतला लहानसा फरक काढत असतो. समजा दोन्ही कॉइल 100 मिलिहेन्रीच्या आहेत आणि M फक्त 2 आहे. आकडे येतील 204 आणि 196. मीटरची चूक एक टक्का धरली तरी प्रत्येक आकडा दोनाने इकडेतिकडे होऊ शकतो, मग आठचा फरक चार ते बारा यांत काहीही दिसेल आणि M एक ते तीन यांत कुठेही. असा निष्कर्ष काही कामाचा नाही. तिथे फॅरडेच्याच वाटेने जावं. एका कॉइलला माहीत असलेला बदलता प्रवाह द्यावा आणि दुसरीच्या मोकळ्या टोकांवरचं व्होल्टेज मोजावं.

आता टोकांचा प्रश्न. कोणत्या दोन टोकांना जोडलं म्हणजे साहाय्यक आणि कोणत्या म्हणजे विरोधी? बांधून झालेल्या कॉइलकडे नुसतं पाहून हे क्वचितच कळतं. तार आत कोणत्या दिशेने गुंडाळली आहे, ते कागदाच्या आणि वॉर्निशच्या थराखाली झाकलेलं असतं. म्हणून आकृतीत प्रत्येक कॉइलच्या एका टोकाशी ठिपका देतात. दोन्ही कॉइलमध्ये प्रवाह ठिपक्याच्या टोकाने आत शिरत असेल, तर क्षेत्रं एकमेकांना साथ देतात, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून जोडणीचा नियम निघतो. पहिलीचं बिनठिपक्याचं टोक दुसरीच्या ठिपक्याच्या टोकाला जोडलं की साहाय्यक. ठिपक्याला ठिपका किंवा बिनठिपक्याला बिनठिपका जोडला की विरोधी.

ठिपके दिलेलेच नसतील, तर दीड व्होल्टचा एक सेल आणि काट्याचा मल्टिमीटर पुरतो. मीटर सर्वांत लहान डीसी रेंजवर ठेवून दुसऱ्या कॉइलला लावायचा आणि सेल पहिल्या कॉइलला क्षणभर टेकवायचा. टेकवताच काटा उजवीकडे उसळला, तर सेलच्या अधिक बाजूचं टोक आणि मीटरच्या अधिक बाजूचं टोक या दोघांना ठिपका द्यायचा. डावीकडे खाली दाबला गेला, तर दुसऱ्या कॉइलचा ठिपका तिच्या उलट टोकाला. बघायची ती टेकवतानाची उसळी. सेल काढताना काटा उलट बाजूला जातो आणि घाईत तीच लक्षात राहिली, तर सगळे ठिपके उलटे पडतात. आणि सेल काढताना उघड्या टोकांना बोट लागू देऊ नये, कारण जास्त वेढ्यांच्या कॉइलमध्ये दीड व्होल्टचा सेल तोडतानाही चांगला झटका बसेल इतकं व्होल्टेज क्षणभर उभं राहतं.

ठिपका चुकला तर काय होतं, ते सर्वांत ठळकपणे दिसतं 115 व्होल्टच्या दोन प्रायमरी असलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये. अमेरिका आणि भारत दोन्हीकडे चालावं म्हणून अनेक उपकरणांत असा ट्रान्सफॉर्मर असतो. अमेरिकेत दोन्ही प्रायमरी समांतर जोडायच्या आणि आपल्याकडे 230 साठी एकसर. अमेरिकेतून आणलेला अॅम्प्लिफायर इथे वापरायचा असेल, तर मेकॅनिकला नेमकं हेच करावं लागतं. चार तारा बाहेर आलेल्या असतात आणि त्यांतल्या कोणत्या दोन जोडायच्या, हा प्रश्न.

50 व्हीएच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचे अंदाजे आकडे घेऊ. एका प्रायमरीचा इंडक्टन्स 5 हेन्री आणि तारेचा रोध 15 ओहम धरू. लोखंडी पट्ट्यांच्या बंद गाभ्यावर दोन्ही प्रायमरी एकत्र गुंडाळलेल्या असतात, म्हणून k जवळजवळ एक असतो. इथे 0.998 धरू. साहाय्यक जोडणीत एकूण इंडक्टन्स 20 हेन्रीच्या आसपास येतो. एकाच्या दुप्पट नव्हे, चौपट, कारण वेढे दुप्पट झाले. 50 हर्ट्झला या 20 हेन्रींचा अडथळा सुमारे 6,300 ओहम होतो आणि 230 व्होल्टवर, सेकंडरीला काही जोडलेलं नसताना, सुमारे 37 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. ट्रान्सफॉर्मर गार राहतो.

विरोधी जोडणीत 10 हेन्रींतून 9.98 हेन्री वजा होतात आणि उरतात 20 मिलिहेन्री. वीस हेन्रीचे वीस मिलिहेन्री, हजारपट घट. त्यांचा अडथळा 6 ओहमच्या जरा वर. तारेचे 30 ओहम धरले तरी प्रवाह साडेसात अँपिअर होतो. या ट्रान्सफॉर्मरने पूर्ण भारावरही पाव अँपिअरच्या आतच प्रवाह घ्यायचा असतो. तारेत सोळाशे वॉटहून जास्त उष्णता तयार होते, म्हणजे मुठीत मावणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एक मोठा हीटर. फ्यूज चांगला असेल तर तो लगेच जातो. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घालून ठेवली असेल, तर काही सेकंदांत वॉर्निशचा वास येतो आणि ट्रान्सफॉर्मर संपतो. गंमत म्हणजे साध्या मल्टिमीटरने दोन्ही जोडण्यांचा रोध मोजला तर तो 30 ओहमच दिसतो. रोधाला टोकांची अदलाबदल कळत नाही.

म्हणून जुनेजाणते मेकॅनिक अशी जोडणी पहिल्यांदा कधीही थेट मेन्सवर लावत नाहीत. ते सिरीज बोर्ड वापरतात, म्हणजे फेजच्या तारेत एक 60 वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब घालतात. जोडणी बरोबर असेल, तर 20 हेन्रींपुढे बल्बचं काही चालत नाही, त्याला जेमतेम 36 मिलिअँपिअर मिळतात आणि तो पेटत नाही. जोडणी उलटी असेल, तर ट्रान्सफॉर्मर जवळजवळ नसल्यासारखाच असतो आणि बल्ब झगझगीत पेटतो. तेव्हा वीज बंद करून एका प्रायमरीची दोन टोकं बदलायची. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, कारण त्यातल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमुळे थोड्याशा प्रवाहावरही तो लुकलुकतो आणि भलतंच सांगतो.

इथपर्यंत दोन्ही जोडण्या टोकाच्या होत्या, एक बेरजेची आणि एक वजाबाकीची. शंभर वर्षांपूर्वीच्या रेडिओ बनवणाऱ्यांनी या दोन टोकांच्या मधली सगळी जागा वापरली. व्हेरिओमीटर नावाचा तो भाग होता. एका पोकळ कॉइलच्या आत दुसरी कॉइल आसावर बसवलेली असे आणि दोन्ही एकसर जोडलेल्या असत. बाहेरून मूठ फिरवली की आतली कॉइल फिरे. दोघींची क्षेत्रं एकाच दिशेला असताना साहाय्यक जोडणी, अर्धा फेरा फिरवला की विरोधी आणि बरोबर काटकोनात असताना एकीचं क्षेत्र दुसरीच्या वेढ्यांतून जातच नसे, म्हणून M शून्य. मधल्या प्रत्येक कोनाला मधलं मूल्य. एकही तार न सोडता M अधिकातून शून्यावर आणि शून्यातून उण्यावर सलग सरकत जाई.

दोन्ही कॉइल 100 मायक्रोहेन्रीच्या आणि k पुन्हा 0.8 धरला, तर एकूण इंडक्टन्स 40 पासून 360 मायक्रोहेन्रीपर्यंत बदलतो, म्हणजे नऊपट. स्टेशन पकडणारी फ्रिक्वेन्सी इंडक्टन्सच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात बदलते, म्हणून ती तिप्पट बदलते. सोबत 250 पिकोफॅरडचा कायमचा कपॅसिटर जोडला, तर एका टोकाला सुमारे 530 किलोहर्ट्झ आणि दुसऱ्याला 1,590 किलोहर्ट्झ येतात. हा जवळजवळ सगळा मीडियम वेव्ह पट्टा झाला, एका मुठीच्या अर्ध्या फेऱ्यात. पण 0.8 चा दुवा फिरणाऱ्या कॉइलमध्ये सहजी मिळत नाही. दोन नळकांडी एकात एक घातली तर आतल्याला फिरायला भरपूर फट लागते आणि क्षेत्र गळतं. म्हणून चांगल्या व्हेरिओमीटरमध्ये आतली कॉइल गोलाकार लाकडावर आणि बाहेरची तशाच गोल पोकळीच्या आतल्या बाजूला बसवत. गोलाला कोणत्याही कोनात फिरायला तेवढीच बारीक फट पुरते.

आज घरात विरोधी जोडणी शोधायची असेल, तर टीव्हीच्या किंवा संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सची तार जिथे आत येते तिथे पाहावं. अनेकदा तिथे एक काळं किंवा रंगवलेलं कडं असतं आणि त्याच्या दोन अर्ध्यांवर जाड तारेच्या दोन कॉइल असतात. फेजचा प्रवाह एकीतून आत जातो आणि न्यूट्रलचा दुसरीतून परत येतो. जाणारा आणि येणारा प्रवाह एकच आहे, म्हणजे त्याच्यासाठी या दोन कॉइल एकसर आहेत, आणि त्या मुद्दाम विरोधी बांधलेल्या असतात. प्रत्येकी 10 मिलिहेन्री आणि k 0.99 असेल, तर उपकरणाच्या कामाच्या प्रवाहाला फक्त 0.2 मिलिहेन्रीचा अडथळा होतो. मोठा प्रवाह गेला तरी दोन क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि लहानसं कडं चुंबकाने भरून निकामी होत नाही.

पण आतल्या वेगवान स्विचिंगमुळे होणारा एक गोंगाट दोन्ही तारांतून एकाच वेळी एकाच दिशेने बाहेर पडू पाहतो आणि जमिनीवाटे परततो. त्याच्यासाठी तीच क्षेत्रं बेरजेची ठरतात. प्रत्येक तारेत त्याला स्वतःचे 10 आणि शेजारणीचे 9.9 मिळून जवळजवळ 20 मिलिहेन्री आडवे येतात. एकाच कड्याने एकाच वेळी कामाच्या प्रवाहाला वाट द्यायची आणि गोंगाटाला अडवायचं, हे फक्त M चं चिन्ह बदलल्यामुळे जमतं. असं कडं हाताने गुंडाळलं असेल, तर बसवण्याआधी उपकरणाच्या बाजूची दोन टोकं एकमेकांना जोडावीत आणि मेन्सच्या बाजूच्या दोन टोकांवर मीटर लावावा. 0.2 च्या आसपास आकडा आला तर ते बरोबर आहे. 40 च्या आसपास आला, तर एक कॉइल उलटी गुंडाळली गेली आहे. ती सोडून पुन्हा गुंडाळायची किंवा तिची टोकं बदलून लावायची.